‘चोवीस’ म्हणजे किती? औषधावरचे एमजी, एमसीजी आणि आययू

कोकणातल्या वाडीवर औषधांची नावं फारशी कुणी घेत नाही, आकडे घेतात. थायरॉइडची ‘पन्नासची’ गोळी, ‘साठ हजारची’ पुडी, इन्सुलिन ‘सकाळी चोवीस, रात्री सोळा’. मुंबईच्या मुलाला फोनवर हेच आकडे सांगितले जातात आणि गणपतीला येताना तो त्या आकड्यांवरच औषधं घेऊन येतो. आकडा तोंडात बसतो, त्याच्या मागचं एकक मात्र गळून पडतं. गोळीच्या बाबतीत त्यातून बहुतेक वेळा काही बिघडत नाही. सुईच्या बाबतीत बिघडतं, आणि कधी कधी जिवावर बेततं. म्हणून या लेखात गोळी आणि पुडी थोडक्यात आटपून इन्सुलिनच्या बाटलीपाशी जास्त वेळ थांबायचं आहे.

आधी वजनाची एककं. एमजी म्हणजे मिलिग्रॅम, एका ग्रॅमचा हजारावा भाग. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. तापाच्या पॅरासिटामॉलच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम औषध असतं. थायरॉइडच्या ‘पन्नासच्या’ गोळीत ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन असतं, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. तापाच्या एका गोळीतल्या औषधाच्या वजनात थायरॉइडच्या दहा हजार गोळ्यांचं औषध बसेल. तरीही थायरॉइडची गोळी डोळ्याला दिसते, चिमटीत धरता येते, कारण तिचा बहुतेक भाग भरीचा असतो. गोळीच्या आकारावरून आत औषध किती आहे हे कधीच कळत नाही.

एमजी आणि एमसीजी यांची गल्लत झाली तर चूक हजारपट होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण गोळ्यांच्या बाबतीत ही चूक सहसा घडून जात नाही. कुणी ‘५० एमसीजी’च्या जागी ‘५० एमजी’ लिहिलं, तर तेवढ्यासाठी पन्नासच्या हजार गोळ्या खाव्या लागतील. दुकानदाराचा हात तिथेच थांबतो. हजारपट चूक पुढे सरकते ती जिथे मोजणारा हात थांबवायला गोळी नसते तिथे, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीत, सलाईनच्या पंपात, वजन करून घ्यायच्या पावडरीत. मायक्रोग्रॅमसाठी पूर्वी ग्रीक ‘म्यू’ अक्षर लिहायची पद्धत होती. घाईत लिहिलेला म्यू इंग्रजी ‘एम’सारखा दिसतो आणि मायक्रोचा मिलि होतो. म्हणून आता चिठ्ठीवर सुटसुटीत एमसीजी किंवा पूर्ण ‘मायक्रोग्रॅम’ लिहावं असा आग्रह धरला जातो.

घरात खपून जाते ती लहान चूक, कारण ती चूक वाटतच नाही. थायरॉक्सिनच्या गोळ्या १२.५, २५, ५०, ७५, १००, १२५ अशा अनेक ताकदींत मिळतात. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसाला डॉक्टर अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करतात, बऱ्याचदा १२.५ किंवा २५ पासून. आता १२.५ मधला टिंब पुसट झाला, फोटोत आला नाही किंवा कागदाच्या घडीत गेला, तर उरतात १२५. दोन्ही गोळ्या बाजारात आहेत, दोन्ही रोज एकच घ्यायच्या आहेत, दोन्ही सकाळी उपाशीपोटी. दहापट जास्त औषध आणि शंका घ्यायला काहीच कारण नाही. थायरॉक्सिन शरीरात हळू साचतं, त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं हे सगळं दुसऱ्या दिवशी नाही, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतं, आणि तोपर्यंत गोळी बदलल्याची आठवण कुणाला नसते.

इथे आपली बोली उपयोगाला येते. मराठीत १२.५ ला आपण साडेबारा म्हणतो आणि १२५ ला सव्वाशे. हे दोन शब्द कितीही खराब नेटवर्कमध्ये एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. फोनवर गोळी सांगताना ‘एक दोन टिंब पाच’ असं इंग्रजी वळणाने सांगण्यापेक्षा ‘साडेबारा मायक्रोग्रॅम’ असं सांगावं. लिहिताना मात्र उलट अडचण येते. मराठी १ पटकन पाहिला तर इंग्रजी नऊ वाटतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. आजीने कॅलेंडरवर मराठीत लिहिलेले १४ शहरातल्या नातवाने अठ्ठ्याण्णव वाचावेत इतकी गफलत क्वचित होईल, पण ४० चे ऐंशी सहज होतात. औषधाची मात्रा टिपताना अंकाशेजारी अक्षरांत लिहिणं हाच त्यावरचा उपाय आहे.

आययू हे वजन नव्हे

आययू म्हणजे इंटरनॅशनल युनिट, आंतरराष्ट्रीय एकक. ते औषध किती जड आहे हे सांगत नाही, ते शरीरात किती काम करतं हे सांगतं. असं एकक का लागलं हे इन्सुलिनच्या जन्मकथेतच दिसतं. १९२१-२२ मध्ये टोरांटोत जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायला सुरुवात झाली तेव्हा हाती लागणारा अर्क शुद्ध नव्हता. एका खेपेतला एक मिलिग्रॅम दुसऱ्या खेपेतल्या मिलिग्रॅमइतकं काम करायचा नाही. मग वजन बाजूला ठेवून काम मोजायचं ठरलं. ठराविक वजनाच्या उपाशी सशाची रक्तातली साखर ठराविक पातळीपर्यंत खाली आणायला जेवढा अर्क लागेल त्यावरून ‘युनिट’ ठरवलं गेलं. १९२५ साली इन्सुलिनचा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना ठरला तेव्हा त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ युनिट होती. आजच्या शुद्ध मानवी इन्सुलिनच्या एका मिलिग्रॅममध्ये २८.८ युनिट असतात. युनिटचं काम तेच राहिलं, त्याचं वजन मात्र शुद्धतेबरोबर घटत गेलं.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: आययूचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायचा एकच एक नियम नाही, प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. इन्सुलिनचं एक युनिट साधारण ३५ मायक्रोग्रॅम भरतं. ड जीवनसत्त्वाचं एक आययू म्हणजे अवघं ०.०२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४० आययूचा एक मायक्रोग्रॅम. म्हणून ‘साठ हजारच्या’ पुडीत प्रत्यक्षात दीड मिलिग्रॅम औषध असतं. साठ हजार म्हटलं की घाबरायला होतं आणि दीड म्हटलं की क्षुल्लक वाटतं, पण पुडी तीच आहे.

त्या पुडीची खरी चूक एककाची नसून वाराची असते. ती बहुतेकदा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती जाऊन बसली की रोज घेतली जाते, आणि मात्रा सातपट होते. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. रक्तात कॅल्शियम चढत जातं. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, मग गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा असा तो उतार आहे. औषध थांबवल्यावरही परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत अजून एक सापळा आहे. बाळाचे थेंब बहुतेकदा एका मिलिलिटरमध्ये ४०० आययू असे असतात. मोठ्या माणसाची पातळ औषधाची छोटी बाटली मिळते, तिच्यात ५ मिलिलिटरमध्ये ६०,००० आययू, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १२,०००. दोन्हींवर ड जीवनसत्त्वच लिहिलेलं असतं, दोन्ही पातळ, दोन्ही गोड. बाळाचा एक मिलिलिटरचा ड्रॉपर चुकून दुसऱ्या बाटलीत बुडाला तर एका वेळी तीस दिवसांचं औषध पोटात जातं.

‘किती’ याच्या जोडीला ‘कितीत’ हाही प्रश्न असतो, तो इथे पहिल्यांदा समोर आला. इन्सुलिनमध्ये सगळा घोळ या ‘कितीत’चाच आहे.

चाळीसची बाटली, शंभरची बाटली

इन्सुलिनच्या बाटलीवर ‘४० आययू प्रति एमएल’ किंवा ‘१०० आययू प्रति एमएल’ असं छापलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटर पाण्यात किती युनिट विरघळवली आहेत. दाट आणि पातळ सोलकढी म्हणा हवं तर. आगळ तेवढंच, पाणी कमी-जास्त. अमेरिकेत १९७०च्या दशकात शंभरची ताकद आली आणि हळूहळू चाळीसची मागे पडली. आपल्याकडे दोन्ही एकत्र नांदतात. साध्या मानवी इन्सुलिनची १० मिलिलिटरची बाटली बहुतेकदा चाळीसची असते. इन्सुलिन टोचायच्या पेनात घालायची ३ मिलिलिटरची काडतुसं शंभरची असतात. नव्या प्रकारच्या काही इन्सुलिनांच्या १० मिलिलिटरच्या बाटल्याही शंभरच्या मिळतात, आणि त्या दिसायला चाळीसच्या बाटलीसारख्याच असतात. काही खास पेनांत तर २०० किंवा ३०० ची ताकदही असते.

बाटल्या दोन, म्हणून सिरिंजाही दोन. चाळीसच्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची, तिच्यावर एक मिलिलिटरमध्ये ४० रेघा. शंभरच्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपणाची, तिच्यावर एक मिलिलिटरला १०० पर्यंतचे आकडे. सिरिंजेवरच्या रेघा मिलिलिटर दाखवत नाहीत, त्या थेट युनिट दाखवतात. म्हणून काम सोपं होतं, चोवीस युनिट हवी तर चोवीसच्या रेघेपर्यंत ओढा. पण हे सोपेपण एका अटीवर आहे: सिरिंजेला वाटत असलेली बाटली आणि हातातली बाटली एकच हवी. रेघेवरचा ‘२४’ बाटलीत डोकावून बघत नाही.

बाटलीवर आणखी एक आकडा असतो, ३०/७० किंवा २५/७५. तो ताकदीचा नाही. मिश्र इन्सुलिनमध्ये लवकर काम करणारा भाग किती टक्के आणि सावकाश करणारा किती टक्के, एवढंच तो सांगतो. ३०/७० ची बाटली चाळीसची असू शकते आणि ३०/७० चंच काडतूस शंभरचं. दुकानात जाऊन ‘तीस-सत्तरचं द्या’ म्हटलं तर दोन्हींपैकी काहीही हातात येऊ शकतं, आणि दुकानदाराचं त्यात काही चुकलेलं नसतं.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा देवगडकडच्या एका घरात सत्तरीची आजी आहे. ती ३०/७० इन्सुलिन सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट घेते. बाटली चाळीसची, सिरिंज लाल टोपणाची, सगळं जुळलेलं. चोवीस युनिट म्हणजे ०.६ मिलिलिटर, सोळा म्हणजे ०.४. दोन्ही मिळून दिवसाला बरोबर एक मिलिलिटर.

पावसात एसटी बंद, तालुक्याच्या दुकानात बाटली संपलेली. मुंबईहून येणाऱ्या मुलाला निरोप जातो, “आजीचा इन्सुलिन आण, तीस-सत्तरचा.” मुंबईच्या दुकानात त्याला ३०/७० चं काडतूस मिळतं, शंभरचं. पेन घरी नाही, पण लाल टोपणाच्या सिरिंजा पुष्कळ आहेत. काडतुसाच्या रबरात सुई टोचून औषध ओढता येतं हे कुणाच्या तरी लक्षात येतं. सून नेहमीसारखं चोवीसच्या रेघेपर्यंत ओढते. रेघ तीच, ओढलेलं पाणीही तेवढंच, ०.६ मिलिलिटर. पण या पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये शंभर युनिट आहेत. ०.६ गुणिले १०० म्हणजे ६०. आजीच्या अंगात चोवीसऐवजी साठ युनिट गेलं. अडीचपट.

सकाळी आठला टोचलं, भाकरी खाल्ली, पहिले दोन तास काही वाटलं नाही. मिश्र इन्सुलिनचा जोर त्यानंतर वाढतो आणि सावकाश भाग दिवसभर रेंगाळतो. दुपारच्या सुमाराला दरदरून घाम, हातापायाला कापरं, भूक, डोळ्यांपुढे अंधारी. म्हाताऱ्या माणसांत यातलं काहीच न होता नुसती झोप किंवा असंबद्ध बोलणं दिसू शकतं आणि घरचे म्हणतात, थकली असेल, पडू दे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे कापरं आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो, म्हणून घामाकडे लक्ष ठेवावं. आणि रात्री सोळाच्या रेघेने ४० युनिट गेलं, तर त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, सगळे झोपेत असताना.

साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायचं यंत्र नसेल पण लक्षणं दिसत असतील, तर माणूस शुद्धीवर असताना साखरेचे तीन चहाचे चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात घालून प्यायला द्यावेत. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, कमी असेल तर पुन्हा द्यावी, मग पेज किंवा भाकरी खायला घालावी. कोकम सरबत साखर घातलेलं असेल तर चालतं; बिनसाखरेचं आगळ-पाणी किंवा सोलकढी उपयोगाची नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. अडीचपट मात्रा गेल्याचं लक्षात आलं असेल तर आजी साखरपाण्याने ताजीतवानी झाली तरीही दवाखान्यात न्यायचंच, कारण साखरपाणी तासाभरात संपतं आणि ते साठ युनिट संध्याकाळपर्यंत काम करत राहतं. जाताना काडतूस आणि सिरिंज दोन्ही बरोबर न्यावीत. डॉक्टरला चूक शोधायला तेवढं पुरतं.

उलटी चूक शांत असते आणि म्हणून ती जास्त दिवस टिकते. बाटली चाळीसची आहे, पण लाल टोपणाच्या सिरिंजा संपल्या आणि दुकानातून नारिंगी टोपणाच्या आल्या. नारिंगी सिरिंजेवर चोवीसची रेघ म्हणजे ०.२४ मिलिलिटर. चाळीसच्या बाटलीतलं ०.२४ मिलिलिटर म्हणजे ९.६ युनिट. आजीला चोवीसऐवजी दहाहून कमी मिळतंय. कुणाला घाम येत नाही, कुणी कोसळत नाही. फक्त साखर चढत राहते, तहान वाढते, पायाची जखम भरत नाही. दोष आंब्याला दिला जातो.

डॉक्टर तपासणीत साखर तीनशेच्या वर बघतात आणि मात्रा वाढवतात. चोवीसचे तीस, तीसचे चाळीस. कागदावर चाळीस युनिट, शरीरात प्रत्यक्ष सोळा. साखर थोडी आटोक्यात येते आणि सगळे निश्चिंत होतात. आता ही चूक औषधाच्या चिठ्ठीत मुरली. मग एखाद्या दिवशी आजी रत्नागिरीला लेकीकडे जाते, किंवा पडून दवाखान्यात दाखल होते. तिथे परिचारिका चाळीसच्या बाटलीबरोबर योग्य ती लाल सिरिंज वापरते आणि चिठ्ठीबरहुकूम चाळीस युनिट देते. सगळं नियमाने झालं आणि आजीला सोळाऐवजी चाळीस मिळालं. पुन्हा अडीचपट. त्या दिवशी ज्याने टोचलं त्याचा दोष शोधून काहीच हाती लागत नाही, कारण चूक दोन महिन्यांपूर्वी सिरिंजेच्या पाकिटाबरोबर घरात आली होती. म्हणूनच साखर एकाएकी हाताबाहेर गेली तर मात्रा वाढवून घेण्याआधी बाटली आणि वापरलेली सिरिंज डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवावी. कडक उन्हाळ्यात बाटली तापून इन्सुलिन निकामी झालं असेल तरी साखर अशीच चढते, तेही त्याच वेळी तपासून होतं.

बाटली किती दिवस पुरते?

घरच्या घरी, कुठलंही यंत्र न वापरता ही चूक पकडायचा एक भरवशाचा मार्ग आहे, आणि तो फार कमी जणांना सांगितला जातो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि ती किती दिवसांत संपते ते बघायचं.

आजीचं रोजचं इन्सुलिन २४ अधिक १६, म्हणजे ४० युनिट. चाळीसच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. ४०० भागिले ४०, दहा दिवस. हवा काढताना थोडं वाया जातं, म्हणून नऊ-दहा दिवस धरा. ही बाटली जर पंचवीस दिवस पुरली, तर आजी बहुधा नारिंगी सिरिंज वापरते आहे. रोज ०.२४ आणि ०.१६, मिळून ०.४ मिलिलिटरच बाहेर येतंय. बाटली पुरते म्हणून घरात आनंद होत असतो, तोच धोक्याचा निरोप असतो. शंभरच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत हजार युनिट असतात. ती आजीला पंचवीस दिवस पुरायला हवी. दहाव्या दिवशी तळ दिसला तर लाल सिरिंज वापरली जाते आहे. पण तिथे दहा दिवस वाट बघायची सोय नसते, पहिल्याच दिवशी काय होतं ते वर आलंच आहे. म्हणून नवी बाटली, नवं काडतूस किंवा सिरिंजेचं नवं पाकीट घरात आलं की पहिल्या टोचणीआधी दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं: बाटलीवर ‘प्रति एमएल’च्या आधीचा आकडा, आणि सिरिंजेवर शेवटच्या रेघेपाशी छापलेली ताकद. दोन्हीकडे चाळीस, नाहीतर दोन्हीकडे शंभर. टोपणाचा रंग ही खूण आहे, पुरावा नव्हे. टोपण हरवतं, दुसऱ्या सिरिंजेला लागतं, म्हणून नळीवर छापलेलंच खरं.

काही घरांत नारिंगी सिरिंजेने चाळीसची बाटली मुद्दाम वापरतात, हिशेब करून. चोवीस युनिटला ०.६ मिलिलिटर लागतं, ते नारिंगी सिरिंजेवर साठच्या रेघेला भरतं, म्हणून साठपर्यंत ओढायचं. गणित बरोबर आहे. पण ते गणित एकाच्या डोक्यात असतं. तो कामाला गेला आणि दुसऱ्याने चिठ्ठी वाचून चोवीसपर्यंत ओढलं की मात्रा कमी. लाल सिरिंज आली आणि सवयीने साठ मनात राहिले तर लाल सिरिंजेवर साठ नाहीतच, मग तो दोनदा भरून टोचणार. तालुक्याला जाऊन योग्य सिरिंज आणण्याचा त्रास याहून कमी आहे. तीच गोष्ट काडतुसातून सिरिंजेने ओढण्याची. काडतूस पेनासाठीच असतं. पेनावर फिरवलेला आकडा हा युनिटचा असतो आणि तिथे मिलिलिटरचा प्रश्नच येत नाही. पेन असलेल्या घरात सिरिंज आणि पेन यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

चिठ्ठीचं एक राहिलं. इंग्रजीत युनिटसाठी नुसतं ‘यू’ अक्षर आकड्याला चिकटवून लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे चाळीस होतात. आययू घाईत लिहिलं तर ते शिरेतून द्यायच्या ‘आयव्ही’सारखं वाचलं जातं. आकड्यानंतर विनाकारण टिंब आणि शून्य लिहिलं, ४ ऐवजी ४.०, तरी टिंब पुसल्यावर चाळीसच. आणि एकाहून कमी आकड्याआधी शून्य लिहायचं राहिलं, ०.५ ऐवजी नुसतं टिंब पाच, तर टिंब गेल्यावर पाच उरतात. डॉक्टरांना ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहून द्या असं सांगण्यात काही संकोच नको. फोनवर बावीस आणि बत्तीस, चोवीस आणि चौतीस एकसारखे ऐकू येतात, विशेषतः पावसात आवाज तुटत असताना. तेव्हा ‘दोन आणि चार, चोवीस युनिट, चाळीसच्या बाटलीतून, लाल सिरिंजेने’ असं पूर्ण वाक्य सांगावं आणि पलीकडच्याकडून तेच परत म्हणून घ्यावं. मुलाला निरोप देताना ‘तीस-सत्तरचं आण’ एवढ्यावर न थांबता संपलेल्या बाटलीचा फोटो पाठवावा, लेबलच्या त्या बाजूचा जिथे ‘४० आययू प्रति एमएल’ हे शब्द आहेत. रिकामी बाटली नवी हातात येईपर्यंत फेकू नये.